रक्त गोठायला लागलं, पण प्लेटलेट खालीच: आमच्या घरचा अनुभव

प्रश्न: "वडिलांना (५८) चार दिवसांपूर्वी शेतात घोणस चावली. सर्पदंशाची लस झाली, आता रक्त गोठतंय. पण प्लेटलेट ३४ हजार, क्रिएटिनिन ३.१, लघवी फार कमी. डॉक्टर म्हणाले टीएमए असू शकतो, स्मिअर बघू. हे नक्की काय? प्लाझ्मा बदलावा लागतो का? कोणाला अनुभव आहे का?"

दादा, तुमची पोस्ट वाचून हातातलं काम तसंच ठेवलं. सहा वर्षांपूर्वी भातकापणीत माझ्या मिस्टरांचं हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. पण वीस वर्षांहून जास्त काळ पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे या आजारातली लॅबची बाजू मला जवळून माहीत आहे. उपचारांबद्दल लिहीन ते ऐकलेलं आणि पाहिलेलं समजा. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी एक चांगली गोष्ट. तुमच्या डॉक्टरांनी स्वतःहून स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली, बघायचं म्हटलंय. आमच्याकडे ते कोणी म्हटलं नाही, आणि सगळं तिथेच बिघडलं.

मिस्टरांना संध्याकाळी बांधावर चावली. तासाभरात दवाखान्यात पोचलो. वीस मिनिटांची टेस्ट केली, म्हणजे काचेच्या कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटं हलवल्याशिवाय ठेवलं. नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. लशीच्या दहा बाटल्या दिल्या, सहा तासांनी टेस्ट पुन्हा तशीच आली म्हणून आणखी दहा. दुसऱ्या दिवशी दुपारी नळीत घट्ट गोळा बसला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. विष उतरलं, असं आम्हाला सांगितलं.

तोवर हिमोग्लोबिन १४.२ वरून ११.६ वर आलं होतं, प्लेटलेट ४१ हजार, क्रिएटिनिन १.४. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मशीनने प्लेटलेट ६३ हजार छापल्या. "बघा, वाढायला लागल्या," म्हणून आम्हाला घरी सोडलं. पाय दुखतोय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. त्या दिवशी क्रिएटिनिन केलंच नाही, लघवी किती होते हे मोजलंच नव्हतं. दवाखान्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

ते ६३ हजार खोटे होते. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

साधं सेल काउंटर मशीन पेशीचा आकार मोजून ठरवतं की ही लाल पेशी आणि ही प्लेटलेट. टीएमएमध्ये, म्हणजे थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथीत, अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते आणि आत छोट्या छोट्या गुठळ्या बसतात. लाल पेशी त्यातून जाताना चिरल्या जातात. त्यांचे काही तुकडे प्लेटलेटएवढे बारीक असतात आणि मशीन त्यांना प्लेटलेट समजून मोजतं. म्हणजे जितकं रक्त जास्त फुटेल, तितक्या प्लेटलेट 'वाढलेल्या' दिसतात. अशा वेळी मशीनच्या प्लेटलेटच्या आलेखाची उजवी बाजू खाली टेकत नाही, वर उचललेली राहते, आणि रिपोर्टवर खुणेचं चिन्ह येतं. ते चिन्ह मिस्टरांच्या कागदावर होतं. मी तो कागद हातात घेतला होता. पण त्या दिवशी मी लॅबवाली नव्हते, घाबरलेली बायको होते, आणि आकडा वाढला एवढंच मला दिसलं.

चौथ्या दिवशी सकाळी लघवी जेमतेम अर्धा पेला झाली, काळ्या चहासारखी. डोळे पिवळे. मी घरीच रक्त काढलं आणि आमच्या लॅबमध्ये जाऊन स्वतः स्लाइड केली. लिशमन स्टेन करून, जिथे पेशी एकमेकींना न चिकटता एका थरात पसरतात त्या भागात ऑइल लेन्सने बघितलं. शिरस्त्राणासारख्या कापलेल्या, दोन शिंगांच्या, अणकुचीदार त्रिकोणी पेशी. बऱ्याच जणींच्या मधला फिकट गोल गायब. हजार लाल पेशींमागे पन्नासच्या आसपास, म्हणजे ५ टक्के. एक टक्क्याच्या वर गेलं की टीएमएचा विचार करायचाच, असा आमच्यात निकष आहे. आणि प्लेटलेट एका फील्डमध्ये एखादी, फार तर दोन. एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५ ते २० हजार, असा ढोबळ हिशोब. म्हणजे ६३ नाहीच, तिशीच्या आत-बाहेर.

(लॅबमधल्या कोणी हे वाचत असेल तर: पावसाळ्यात आपल्या दमट हवेत स्लाइड हळू सुकते आणि लाल पेशींत पाण्यामुळे भोकं, चमकदार कडा दिसतात. ते तुकडे नव्हेत. ताजं रक्त घ्या आणि स्लाइड पंख्याखाली लगेच वाळवा. मगच मोजा.)

त्या दिवशीचे बाकी आकडे: हिमोग्लोबिन ८.९, पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच २,४००, बिलिरुबिन २.९ आणि त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट, कूम्ब्स निगेटिव्ह, म्हणजे शरीराच्या अँटीबॉडीज लाल पेशी फोडत नव्हत्या, क्रिएटिनिन ४.८. आणि आयएनआर १.१, म्हणजे रक्त गोठण्यात काहीच अडचण नाही. हा शेवटचा आकडा नीट बघा. विषामुळे गोठणं बिघडतं तेव्हाही प्लेटलेट खाली जातात आणि लोक म्हणतात, विषाचा परिणाम, होईल बरं. पण गोठणं सुधारल्यावरही प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन उतरतच राहिलं, एलडीएच चढलं आणि लघवी आटली, तर ती वेगळी गोष्ट आहे. वीस मिनिटांची टेस्ट फक्त गोठणं सांगते. किडनीबद्दल ती काहीच सांगत नाही.

आम्ही त्याच दुपारी कोल्हापूरला हलवलं. तिथल्या किडनीच्या डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं तर प्लाझ्मा किंवा रक्त चढवण्याआधी निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत सॅम्पल काढून एडीएएमटीएस१३ साठी बाजूला ठेवलं. हे एन्झाइम १० टक्क्यांच्या खाली असेल तर तो टीटीपी नावाचा आजार. त्यात प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला पातळ भाग काढून त्याजागी दात्याचा घालणं, ताबडतोब सुरू करावं लागतं, नाहीतर बहुतेक पेशंट दगावतात. पण दुसऱ्याचा प्लाझ्मा आधी चढवला तर त्यातलं एन्झाइम मोजलं जातं आणि रिपोर्ट फसवा येतो. म्हणून तुमच्या वडिलांना अजून प्लाझ्मा दिला नसेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "ते सॅम्पल आधी काढून ठेवायचं का?" रिपोर्टला बरेच दिवस लागतात, तोवर डॉक्टर बाकीच्या खुणांवर ठरवतात. टीटीपीत प्लेटलेट बहुधा ३० हजारांच्याही खाली असतात आणि किडनी तितकीशी बिघडत नाही, क्रिएटिनिन शक्यतो २ च्या आत. तुमच्याकडे उलट आहे, आमच्याकडेही उलटच होतं. मिस्टरांचा रिपोर्ट सॅम्पल दिल्यापासून पाचव्या दिवशी आला: ४६ टक्के. टीटीपी नाही.

आता प्लाझ्मा बदलण्याचं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं की सर्पदंशाच्या टीएमएमध्ये प्लाझ्मा एक्स्चेंजने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. मुख्य आधार डायलिसिसचा, आणि वाट बघण्याचा. त्यांनी एक्स्चेंज केलं नाही. माझं मत विचाराल तर टीटीपीची शंका खरोखर असेल तर एक मिनिट थांबू नये, पण सर्पदंशाची गोष्ट स्पष्ट असताना फक्त काहीतरी केल्याच्या समाधानासाठी घरच्यांनी आग्रह धरू नये. खर्च मोठा आणि मानेत जाड नळी घालावी लागते. काही डॉक्टर तरीही देतात आणि त्यांची कारणं असतात, म्हणून हे कुणाच्या विरोधात वाचू नका. प्लेटलेट चढवण्याचा आग्रहही धरू नका. रक्तस्राव नसेल तर टीएमएमध्ये त्या सहसा टाळतात. आणि पपईच्या पानांचा रस नको. आमच्या घरी तीन शेजारणी घेऊन आल्या होत्या, मायेने, पण लघवी बंद असलेल्या माणसाला पातेलंभर रस पाजणं धोक्याचं आहे.

आमच्या भागात आणखी एक गोंधळ होतो. पावसात आणि कापणीत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा तापही असतो, त्यातही प्लेटलेट कमी, किडनी बिघडलेली, डोळे पिवळे. चावा कोणी पाहिला नसेल तर माणूस थेट लेप्टोच्या उपचारांवर जातो. ढोबळ फरक असा की लेप्टोत कावीळ बहुतेक डायरेक्ट बिलिरुबिनची, रक्त फुटल्यावर इनडायरेक्टची. आणि लेप्टोत स्लाइडवर असे तुकडे सहसा भरून दिसत नाहीत. रक्ताचे जुलाब झाले असतील, वडिलांचं बीपी फार वर असेल किंवा आधीपासून काही गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, टीएमएची कारणं सापाशिवाय बरीच आहेत. जुलाब असतील तर शौचाची तपासणी होते, आणि कारण सापडलंच नाही तर कॉम्प्लिमेंटच्या, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांच्या, तपासण्या. त्यातलं सी३ नॉर्मल आलं म्हणून कॉम्प्लिमेंटमुळे होणारा टीएमए नाहीच असं होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही आज करण्यासारखं म्हणजे लघवी बाटलीत मोजून वहीत लिहा, वेळेसकट. सीबीसी, क्रिएटिनिन, एलडीएच रोज होतंय ना ते विचारा. प्लेटलेट अचानक वाढल्या तर हिमोग्लोबिन आणि एलडीएच काय म्हणतंय ते बघा, आणि "स्लाइडवर मोजल्या का?" असं न लाजता विचारा. दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन नको. त्या एका इंजेक्शनने मिस्टरांची किडनी गेली असं मी म्हणणार नाही, पण ते द्यायला नको होतं आणि एक दिवस घरी जायला नको होता, याचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या तालुक्यातला डायलिसिसचा बेड त्या दिवशी रिकामा होता, हे नंतर कळलं.

पुढे काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला दिवस मोजता येतील. मिस्टरांच्या प्लेटलेट आठव्या दिवसापासून खऱ्या अर्थाने चढल्या, तेव्हा स्लाइडवरचे तुकडेही कमी झाले होते. किडनीला जास्त वेळ लागला. तीन आठवड्यांत नऊ डायलिसिस झाली. सोळाव्या दिवशी लघवी वाढायला लागली, त्या दिवशी मी वहीत ४०० मिली लिहून खाली रेघ मारली होती. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.३ वर थांबलं. सगळ्यांचं इतकं चांगलं होत नाही. तीन-चार आठवड्यांत लघवी परतलीच नाही तर किडनीच्या बाहेरच्या थराला कायमची इजा झाली का हे बघायला स्कॅन किंवा बायोप्सी करतात. म्हणून बरं वाटल्यावरही बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहा. आम्ही अजून वर्षातून दोनदा करतो.

उद्याचे आकडे इथे टाका, आणि जमलं तर स्लाइडवर तुकडे किती टक्के आले तेही. मी बघते आहे.