पसरट मसुदा: कुठून कापायचं?

> आईच्या शिलाई मशीनवर ललित लिहिलंय, १६०० शब्द झालेत. वाचणारे म्हणतात छान आहे, पण नेमकं काय सांगायचंय ते कळत नाही. कुठून कापू?

तुमचा प्रश्न वाचून माझा आजीच्या गोधडीवरचा लेख आठवला. एका दिवाळी अंकाकडे पाठवला होता. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'लेख पसरट वाटतो.' कुठे, का, काही नाही. फोन केला तर 'संपादक बाहेर आहेत.' असो.

मी घोडचूक केली ती यानंतर. प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं छाटलं. विशेषणं गेली, १८०० चे १२०० शब्द झाले आणि लेख तेवढाच पसरट राहिला, फक्त आखूड.

कारण 'लेख कशाबद्दल?' याचं माझं उत्तर होतं, 'आजीच्या गोधडीबद्दल.' हे वाक्यच नाही, नुसता विषय आहे. त्यात गोधडीचा इतिहास, गावचा पाऊस, प्रदर्शनातल्या गोधड्यांच्या किमती, सगळं बसतं. उत्तर पूर्ण वाक्यात हवं. कोण काय करतं हे सांगणारं क्रियापद आलं की ते वाक्यच नको ते बाहेर ठेवू लागतं. माझं वाक्य पुढे असं झालं: 'घरातून गेलेल्या माणसांचे कपडे गोधडीत शिवून आजी त्यांना घरातच ठेवत होती.'

हे वाक्य मला मसुद्यातच सापडलं, आठव्या परिच्छेदात. निळ्या काठाच्या तुकड्यावर बोट ठेवून आजी म्हणायची, 'ही तुझी आत्या.' आत्याचं लुगडं नाही, आत्या! मग या वाक्यात न बसणारं काढलं. सुरुवातीचा पावसाचा परिच्छेद गेला. माझ्या मते लेखातला तोच सर्वांत देखणा होता, म्हणून वाईट वाटलं. इतिहास आणि किमतीही गेल्या. नदीवर गोधडी धुण्याचा प्रसंग मात्र अर्धा राहिला: घाट, साबण, बायकांच्या गप्पा गेल्या आणि 'धुवायला ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही' एवढं उरलं. म्हणजे परिच्छेद अख्खा ठेवायचा किंवा अख्खा काढायचा असं नसतं.

भरकटलेली जागा शोधायची माझी एक युक्ती आहे. मसुद्यात Ctrl+F करून 'असो', 'तर सांगायचं म्हणजे', 'विषयांतर झालं' शोधा. आपण वाट सोडल्याची कबुली आपणच तिथे दिलेली असते. (वर माझाही एक 'असो' आहे, पण राग आहे तो, राहू दे.)

एखादी ओळ काढायला हात अजिबातच धजत नसेल तर आधी लेखाचं ते एक वाक्य तपासा. कदाचित तेच चुकलं असेल आणि खरा लेख त्या ओळीत असेल. मी वाक्य तीनदा बदललं.

हे ललितापुरतं बरं का. कवितेला लावू नका, आणि माहितीपर लेखांचा मला अनुभव नाही. कापलेलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. माझा पाऊस अजून तिथेच पडून आहे.

तुमच्या मशीनवर आई नेमकं काय करत होती? कपडे शिवायची, हे उत्तर सोडून सांगा.