जोसासाठी राज्याचा ईडब्ल्यूएस दाखला चालतो का?

*"मुलीने यंदा (२०२५) जेईई दिली. आम्ही खुल्या प्रवर्गातले. जानेवारीत तहसीलमधून काढलेला ईडब्ल्यूएस दाखला आहे, त्यावर उत्पन्न आठ लाखांच्या आत असं लिहिलंय. जोसा आणि राज्याची इंजिनिअरिंगची कॅप, दोन्हीकडे हाच चालेल का? माझा हातात येणारा पगार ४८ हजार, बायको घरी ट्यूशन घेते, मोठा मुलगा २३ वर्षांचा, नोकरीला आहे. गावी माझ्या नावावर थोडी शेती, तालुक्याच्या गावी बायकोच्या नावावर एक गुंठा मोकळा प्लॉट. राहतो भाड्याच्या घरात. नवीन काढावा लागला तर कागदपत्रं कोणती?"*

जानेवारीचा दाखला दोन्हीकडे चालणार नाही. राज्यासाठी नवा काढलात की तुमचं काम होईल. जोसासाठी, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशासाठी, मात्र दाखल्याचा नमुनाच वेगळा आहे, आणि तुमची अडचण पगारात नसून त्या एक गुंठ्यात असू शकते. मी बरीच वर्षं तहसील कार्यालयात दाखल्यांच्या टेबलावर काढली आहेत. गुंठ्यावर येऊन थांबलेली प्रकरणं मी पुष्कळ पाहिली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारखेचं. हा दाखला अर्ज करता त्याच्या आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो आणि चालू आर्थिक वर्ष संपलं की संपतो. तुम्ही जानेवारी २०२५ मध्ये काढला, म्हणजे तो २०२३-२४ च्या उत्पन्नावर आहे आणि ३१ मार्च २०२५ ला त्याची मुदत संपली. दाखल्यावर खाली वैधतेची तारीख असते, ती बघा. यंदाच्या प्रवेशाला २०२४-२५ च्या उत्पन्नावरचा, १ एप्रिल २०२५ किंवा त्यानंतर दिलेला दाखला हवा. जोसाने तर एक एप्रिलची अट स्पष्टच घातली आहे. जानेवारी-फेब्रुवारीत "आधीच काढून ठेवू" म्हणून धावपळ करणारे पालक दर वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा रांगेत दिसतात.

आता नमुन्याचं. राज्याचा दाखला १२ फेब्रुवारी २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे मिळतो. त्यात तीन गोष्टी बघतात: जात आरक्षित प्रवर्गात नाही ना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे ना, आणि कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ ला किंवा त्याआधीपासून महाराष्ट्रात राहतंय ना. जमीन किती, घर किती मोठं, हे राज्य विचारत नाही. जोसाला लागतो तो केंद्राचा नमुना, त्याचं नावच 'इन्कम अँड ॲसेट सर्टिफिकेट'. त्यात उत्पन्नाच्या ओळीखाली मालमत्तेच्या चार ओळी असतात आणि जातीच्या वाक्यात 'सेंट्रल लिस्ट' हे शब्द येतात. तुमच्या कागदावर या चार ओळी नसतील, तर तो राज्याचाच आहे. दोन्हींवर सही तहसीलदारांचीच असते, म्हणून लोकांची गल्लत होते. सेतूत अर्ज देताना "केंद्राच्या प्रवेशासाठी" हे तोंडाने सांगा आणि अर्जातही लिहा. नाहीतर समोरचा माणूस सवयीने राज्याचाच अर्ज भरून मोकळा होतो.

उत्पन्नाचा हिशेब तुमच्या आकड्यांवरच करू. ट्यूशन, शेती आणि व्याजाचे आकडे मी अंदाजे धरतो, तुम्ही तुमचे घाला. हातात ४८ हजार म्हणजे वर्षाला ५ लाख ७६ हजार, पण हा आकडा इथे कामाचा नाही. धरायचा तो एकूण पगार: पीएफ, व्यवसाय कर, सोसायटीचा हप्ता कापण्याआधीचा, बोनस आणि थकबाकीसकट. तो ६ लाख ७० हजार निघाला असं समजा. ट्यूशनचे महिना चार हजार म्हणजे ४८ हजार. शेतीचे ५५ हजार, ठेवींचं व्याज १२ हजार. बेरीज ७ लाख ८५ हजार. बसलात, पण पंधरा हजारांनी. नियम "आठ लाखांपेक्षा कमी" असा आहे, त्यामुळे नेमके आठ लाख झाले तरी बाहेर.

शेतीचं उत्पन्न धरायचं का, यावर टेबलावर रोज वाद व्हायचा. याचं कारण ओबीसींचं नॉन-क्रीमीलेअर. तिथेही आकडा आठ लाखांचाच आहे, पण पगार आणि शेती त्यातून वगळतात आणि तीन वर्षं बघतात. शेजाऱ्याने नॉन-क्रीमीलेअर काढलेलं असतं आणि तो तुम्हाला तेच गणित सांगतो. ईडब्ल्यूएसला एकच वर्ष बघतात आणि त्यात पगार, शेती, धंदा, व्याज सगळं येतं.

मोठ्या मुलाचा पगार मात्र यात धरायचा नाही. कुटुंब म्हणजे स्वतः विद्यार्थिनी, तिचे आईवडील, अठरा वर्षांखालची भावंडं, आणि लग्न झालं असेल तर नवरा आणि अठराखालची मुलं. तेवीस वर्षांचा भाऊ या व्याख्येत नाही, आजी-आजोबाही नाहीत. रेशनकार्डावर सगळ्यांची नावं एकत्र असली की तपासणारा कधी कधी सगळ्यांची बेरीज करतो. तसं झालं तर व्याख्या दाखवून द्या.

आता प्लॉट. उत्पन्न कितीही कमी असो, केंद्राच्या दाखल्यासाठी कुटुंबाकडे चारपैकी एकही मालमत्ता असली तरी अर्ज बाद होतो. त्या चार अशा: पाच एकर किंवा जास्त शेतजमीन, एक हजार चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, अधिसूचित नगरपालिका हद्दीत शंभर चौरस यार्ड किंवा मोठा निवासी प्लॉट, आणि त्या हद्दीबाहेर दोनशे चौरस यार्ड किंवा मोठा निवासी प्लॉट. वेगवेगळ्या ठिकाणची मालमत्ता एकत्र मोजतात.

शेतीचं तुम्ही सातबारावर बघा. तिथे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि पाच एकर म्हणजे साधारण २ हेक्टर २ आर. तुमचं १ हेक्टर ३० आर असेल तर ते सव्वातीन एकरांच्या आसपास, काळजी नाही. फ्लॅट तुमच्याकडे नाहीच. राहिला गुंठा. आपण प्लॉट गुंठ्यात मोजतो आणि नियम चौरस यार्डात आहे, गोची तिथेच होते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चौरस यार्डात आणायला त्याला नऊने भागा, आले १२१. म्हणजे नगरपालिका हद्दीत अख्खा एक गुंठा तुम्हाला केंद्राच्या दाखल्यातून बाहेर काढतो, प्लॉट मोकळा असला तरी आणि बायकोच्या नावावर असला तरी. तोच गुंठा ग्रामपंचायत हद्दीत असेल तर मर्यादा दोनशेची, १२१ त्यात आरामात बसतात. गावाकडे दोन गुंठे असते तर २४२ होऊन तेही बाहेर गेले असते.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'तालुक्याच्या गावी' या शब्दांवर अडलं आहे. तालुक्याच्या गावांना बहुतेक ठिकाणी नगरपरिषद किंवा नगरपंचायत असते, पण गावाला लागून पडलेले प्लॉट कागदोपत्री शेजारच्या ग्रामपंचायतीत निघतात. प्लॉटची कर पावती कोणाची आहे ते बघा, आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारावर नेमकं क्षेत्र बघा. गुंठा म्हणून विकलेला तुकडा रस्ता सोडून नऊशे चौरस फुटांच्या आत उरला असेल, तर तो शंभर यार्डांच्याही खाली येतो. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, तिथे ८३.६ हा आकडा लक्षात ठेवा. प्लॉट लपवू मात्र नका. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते आणि माहिती खोटी निघाली तर प्रवेश नंतरही रद्द होतो.

प्लॉट हद्दीत आणि मोठा निघाला, तर जोसात मुलीला खुल्या प्रवर्गातूनच जाऊ द्या. जेईईच्या अर्जात ईडब्ल्यूएस लिहिलं असेल तरी वैध दाखला नसेल तर तिला खुल्यात धरतात. ईडब्ल्यूएसमधून जागा मिळाल्यावर कागदपत्र तपासणीत ही गोष्ट निघाली, तर हातातली जागा जाते आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. राज्याच्या कॅपला याचा काही संबंध नाही, तिथे राज्याच्या दाखल्यावर ती ईडब्ल्यूएसमध्ये राहील. फक्त अल्पसंख्याक संस्थांना हे आरक्षण लागू नाही, पसंतीक्रम भरताना तेवढं ध्यानात असू द्या.

कागदपत्रं दोन्हीला जवळपास तीच. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीसाठी तुमचाही. सगळ्यांची आधार कार्डं, रेशनकार्ड, फोटो, स्वयंघोषणापत्र. शेतीसाठी सातबारा आणि आठ-अ, त्यावर तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल. राज्यासाठी १९६७ आधीचा पुरावा लागतो. त्यात आजोबांचा शाळेचा दाखला सगळ्यात सोपा, नाहीतर जुना सातबारा किंवा जन्माची नोंद. केंद्रासाठी हा पुरावा लागत नाही, पण प्लॉटची मिळकत पत्रिका आणि कर पावती जोडाच.

पगाराच्या कागदावर मात्र लोक अडकतात. फॉर्म १६ द्यायला मालकाला १५ जूनपर्यंत मुदत असते आणि जोसाची नोंदणी त्याआधीच, जूनच्या सुरुवातीला उघडते. फॉर्म १६ ची वाट बघत बसू नका. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ अशा बारा महिन्यांचा, महिनावार एकूण पगार दाखवणारा दाखला ऑफिसकडून शिक्क्यासह घ्या. गेल्या वर्षीचं रिटर्न जोडलंत तर ते चुकीच्या वर्षाचं म्हणून परत येईल.

तुम्ही जात लिहिली नाही, म्हणून एक सांगून ठेवतो. मराठा असाल तर २०२४ च्या एसईबीसी कायद्यानंतर राज्यात ईडब्ल्यूएस मिळत नाही, तिथे एसईबीसीतून जावं लागतं. केंद्राच्या ओबीसी यादीत मराठा नसल्यामुळे जोसासाठी केंद्राचा ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो. कुणबी दाखला काढलेला असेल तर मात्र तुम्ही ओबीसी, मग हे दोन्ही दाखले विसरा आणि नॉन-क्रीमीलेअरच्या मागे लागा.

सेतूत जाण्याआधी कर पावती शोधा. ती ग्रामपंचायतीची निघाली तर दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका.