बोगद्यात शिरायच्या आधी एवढं कर

अरे नवीन गाडी घेतलीस ना, मग बोगद्याचं नीट लक्षात ठेव. आत शिरायच्या आधीच गॉगल काढ आणि डिपर, म्हणजे लो बीम, चालू कर, कारण उन्हातून एकदम अंधारात गेलं की डोळ्यांना सरावायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात गाडी बरीच पुढे गेलेली असते. पुढचे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे दिवे, लागलेत म्हणजे लाइट चालू आहेत असं समजू नकोस, बऱ्याच गाड्यांत त्याने मागचे लाल दिवे लागतच नाहीत, मागच्याला तू दिसतच नाहीस. मी स्वतः एकदा असाच एका गाडीच्या मागे अगदी जवळ पोचलो होतो, अजून अंगावर काटा येतो.

आत ओव्हरटेक नाही, रिव्हर्स नाही, यू-टर्न तर अजिबात नाही.

गाडी बंद पडायला लागली तर हॅझर्ड लाव, वेग आहे तोवर गाडी तशीच ले-बायपर्यंत, म्हणजे बाजूला थांबायला ठेवलेल्या जागेपर्यंत, किंवा अगदी कडेला ने, इंजिन बंद कर आणि भिंतीवरच्या इमर्जन्सी फोनवरून कळव, मोबाइलपेक्षा तो बरा कारण तू कुठे आहेस ते कंट्रोल रूमला लगेच कळतं. धूर दिसला तर मात्र चावी गाडीतच ठेवून इमर्जन्सी एक्झिटकडे चालत निघ, सामान काढत बसू नकोस.

अरुंद पुलावर समोरची गाडी आधी चढली असेल तर पुलाच्या अलीकडेच थांब, मधोमध अडकलास तर कोणाला तरी रिव्हर्स घ्यावी लागते.