फोटोवरून नुकसानीचा आकडा मान्य करण्याआधी

प्रश्न : चार दिवसांपूर्वी टोलनाक्यावर रांगेत उभा असताना मागच्या गाडीने माझ्या गाडीला धडक दिली. कोणालाही लागले नाही. फोटो सोबत पाठवला आहे, नुकसान कितपत आहे ते सांगावे. डिकी आता दाबल्याशिवाय लागत नाही. समोरचा माणूस आठ हजार रुपये द्यायला तयार आहे, पण ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ असे लिहून मागतो. गाडी साडेतीन वर्षांची, बाराशे सीसीच्या आतली आहे; विमा सर्वसमावेशक आहे, पण त्यात घसारा न कापण्याची झिरो डेप सुविधा नाही.

उत्तर : आपला फोटो मी नीट पाहिला आणि गाड्यांच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या माझ्या परिचयातील एका अनुभवी सर्व्हेअरलाही दाखवला. त्यात बंपरचा उजवा कोपरा क्लिपांतून निसटलेला दिसतो, टेललॅम्प वरच्या बाजूने थोडा बाहेर आला आहे आणि मागच्या चाकाच्या कमानीवर पत्र्याला एक तिरकी घडी पडली आहे. बंपर आणि दिवा ही बदलण्याची कामे आहेत. खरी चिंता त्या घडीची आहे, कारण हा भाग, ज्याला गॅरेजवाले क्वार्टर पॅनल म्हणतात, दरवाजासारखा बोल्टने बसवलेला नसून गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो. तो नुसता ठोकून सरळ होईल की कापून नवा जोडावा लागेल, हे फोटोवरून कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही.

डिकी दाबल्याशिवाय लागत नाही, हे आपण सांगितले नसते तर मी कदाचित हे नुकसान किरकोळ समजलो असतो. डिकीची चौकट सरकली असेल तर धक्का बंपरमागच्या लोखंडी पट्टीपर्यंत किंवा डिकीच्या तळापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता असते. आपण स्वतः एवढे पाहावे : डिकीतील गालिचा आणि स्टेपनी काढून तळाच्या पत्र्यावर सुरकुती किंवा सीलंटला तडा आहे का, आणि डिकी व क्वार्टर पॅनल यांच्यामधील फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी आहे का. तळाला सुरकुती असेल तर काम डेंटिंग-पेंटिंगपुरते न राहता पत्रा यंत्राने ओढून मूळ मापावर आणण्याचे होते आणि खर्च आठ हजारांच्या कितीतरी पुढे जातो.

म्हणूनच तो कागद आपण आज सही करून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे ज्याला येणे आहे तो कमी रक्कम घेऊन उरलेले सोडून देऊ शकतो, आणि एकदा तसे लिहून दिले की आतला पत्रा वाकलेला निघाल्यावर मागणी पुन्हा उभी करणे अत्यंत कठीण जाते. दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या विमा कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले की ते धडक देणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो; आपण तो हक्क आधीच सोडून दिला असेल तर कंपनी आपल्या क्लेमवरच आक्षेप घेऊ शकते.

पुढची पावले आजच उचलावीत. विमा कंपनीला लेखी कळवा आणि चार दिवसांच्या विलंबाचे खरे कारण त्यातच लिहा. केवळ उशीर झाला एवढ्यावरून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असे विमा नियामकाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. तरीही आणखी दिवस घालवण्याचे कारण नाही. पाहणी होईपर्यंत गॅरेजला पत्रा ठोकू किंवा पुट्टी लावू देऊ नका, कारण पुट्टीखाली गेलेली घडी नंतर कोणालाच दाखवता येत नाही. पहिले एस्टिमेट बाहेरून दिसणाऱ्या भागांचे असते. बंपर उतरवल्यावर आतले नुकसान निघाले तर काम तेथेच थांबवून सर्व्हेअरची पुरवणी पाहणी मागावी आणि ती जॉब कार्डवर नोंदवून घ्यावी.

फोटोबद्दल एक सूचना. मला आलेली प्रत मेसेजिंग ॲपमधून आकुंचित होऊन आली आहे आणि तिच्यात वेळेची मूळ माहिती उरलेली नाही. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, कारण वाद न्यायालयात गेला तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्रासह ती सादर करावी लागेल. फास्टॅगमधून पैसे कापल्याचा संदेशही जपून ठेवा. आपण त्या वेळी त्या नाक्यावर होता, हे त्याने सिद्ध होते. नाक्याच्या व्यवस्थापनाला सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवण्याचे पत्र लगेच द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात घटनेची नोंद करून तिची प्रत घ्या.

आता पैशांचा हिशेब. समजण्यासाठी धरू की बिल 33,000 रुपयांचे आले : बंपर 6,000, प्लास्टिकचा दिवा 4,000, आतली लोखंडी पट्टी 4,000, डेंटिंगची मजुरी 7,000 आणि रंगकाम 12,000. प्लास्टिकवर निम्मा घसारा कापला जातो, तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 25 टक्के, आणि एकत्रित रंगकामातील चौथा हिस्सा सामग्रीचा धरून त्याच्या निम्मी रक्कम कापतात. म्हणजे अनुक्रमे 3,000, 2,000, 3,000, 7,000 आणि 10,500 असे 25,500 होतात. त्यातून 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची 1,000 रुपयांची वजावट गेली की हाती 24,500 येतील. उरलेले 8,500 आपल्या खिशातून जातील, आणि क्लेम घेतल्यामुळे पुढील नूतनीकरणात क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, शून्यावर येईल. बोनस 35 टक्क्यांवर असेल तर तो 45 वर जाण्याऐवजी पूर्ण जातो, म्हणून बिल दहा-बारा हजारांतच निघाले तर आपला विमा न वापरता समोरच्याकडून पूर्ण बिल घेणेच हिताचे ठरेल.

आपली गाडी उभी होती आणि धडक मागून बसली, त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न आपल्या बाजूने बराच स्पष्ट आहे. समोरच्याच्या विमा कंपनीकडूनही भरपाई मागता येते. खासगी गाडीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारणपणे साडेसात लाखांची असते, पण हप्ता वाचवण्यासाठी काहींनी ती 6,000 वर आणलेली असते, म्हणून त्यांच्या पॉलिसीची प्रत आधी मागा. हा दावा आपण राहता त्या ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. एकच नुकसान दोन्ही कंपन्यांकडून मात्र घेता येणार नाही.

ते आठ हजार नाकारलेच पाहिजेत असे नाही. विमा कंपनीला कळवून ते ऑनलाइन स्वीकारा आणि पावतीत इतकेच लिहा : ‘विम्यातून न मिळणाऱ्या खर्चापोटी अंशतः रक्कम मिळाली, अंतिम बिलानंतरचा माझा आणि माझ्या विमा कंपनीचा हक्क अबाधित आहे.’ ही पावती त्यांना मान्य नसेल, तर बंपर उतरवून सर्व्हेअरने आतला पत्रा पाहीपर्यंत पैसे घेऊ नका.