कूलंट टाकल्यावर टेम्परेचरची लाइट लागतेय? आधी हवा काढ

भावा, कूलंट भरलंय तरी लाइट लागते आणि हीटर फुल गरमवर ठेवूनही गार हवा येते, म्हणजे बहुतेक आत हवा अडकलीय, सेन्सरपाशी कूलंटऐवजी वाफ आली की रीडिंग खोटं येतं. तरी तशीच गाडी पळवू नकोस, त्या जागी इंजिन खरंच तापू शकतं.

इंजिन पूर्ण गार होऊ दे, गरम असताना कूलंटचं झाकण अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. मग गाडीचं तोंड चढाला करून हँडब्रेक ओढ, झाकण उघड, हीटर फुल गरमवर, ब्लोअर स्लो ठेवून आयडलवर चालू कर. ब्लीड स्क्रू असेल तर गार असतानाच ढिला करून ठेव, बुडबुडे थांबून सलग धार आली की लगेच आवळ. लेव्हल उतरेल तसं थोडं थोडं भरत राहा, हीटरमधून गरम हवा आली की झाकण लाव आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत थांब. काटा नेहमीच्या जागेच्या वर चढायला लागला तर फॅनची वाट न बघता आधीच इंजिन बंद कर. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर लेव्हल परत बघ. एवढं करूनही बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट चेक करून घे.