बूटस्ट्रॅपचा ‘विश्वास अंतराल’: वाक्य कसं लिहावं?

प्रश्न: “मालवणकडच्या रापणीच्या १२ ओढींत बांगडा किती किलो मिळाला ते नोंदवलंय: ३, ४, ५, ६, ८, ९, ११, १४, १८, २५, ४७, २१०. बूटस्ट्रॅप करून सरासरीचा ९५ टक्के विश्वास अंतराल काढला. ‘खरी सरासरी या अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे’ असं अहवालात लिहिलं तर चालेल का? आणि ‘बूटस्ट्रॅप’ला मराठीत काय म्हणू?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. ‘बूटस्ट्रॅप’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे हातातल्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं’ एवढं जोडा. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ साली ही पद्धत मांडली तेव्हापासून जगभर हेच नाव चालतं.

पहिलं वाक्य मात्र नको. ९५ टक्के हा गुण पद्धतीचा आहे, तुमच्या हातातल्या एका अंतरालाचा नाही. असं समजा की अनेकांनी त्याच किनाऱ्यावर तुमच्यासारख्याच बारा-बारा ओढी नोंदवल्या आणि प्रत्येकाने आपापला अंतराल काढला. पद्धत नीट चालली तर शंभरांतल्या साधारण ९५ अंतरालांत खरी सरासरी सापडेल. तुमचा अंतराल त्या ९५ मधला की उरलेल्या पाचांतला, हे त्यावरून कळत नाही.

तुमच्या आकड्यांत खरी मेख आहे ती ‘पद्धत नीट चालली तर’ या अटीत. सरासरी ३० किलो येते आणि मध्यक फक्त १०. नेहमीच्या टी-सूत्राने अंतराल सुमारे उणे ७ ते ६७ येतो. उणे सात किलो बांगडा कोणाच्याच जाळ्यात येत नाही, त्यामुळे तुम्ही बूटस्ट्रॅपकडे वळलात ते योग्यच. आर-मध्ये ते एवढंच आहे:

```r
x <- c(3,4,5,6,8,9,11,14,18,25,47,210)
m <- replicate(10000, mean(sample(x, replace=TRUE)))
quantile(m, c(0.025, 0.975))
hist(m, breaks=60)
```

उत्तर सुमारे ९ ते ६५ येईल. उणे आकडा गेला, पण शेवटच्या ओळीतला आलेख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे एक गुळगुळीत टेकडी नसेल, वेगवेगळे उंचवटे दिसतील: साधारण १४, ३०, ४६ आणि ६३ किलोंपाशी. पुनर्नमुन्यात २१० ची ओढ एकदाही आली नाही तर सरासरी पहिल्या उंचवट्यात पडते, एकदा आली तर दुसऱ्यात, दोनदा आली तर तिसऱ्यात. ती एकदाही न येण्याची शक्यता (११/१२)^१२, म्हणजे सुमारे ३५ टक्के. थोडक्यात, तुमचा सगळा अंतराल एका दिवशी सापडलेल्या एका थव्यावर उभा आहे. तो दिवस नोंदीतून चुकला असता तर सरासरी १३.६ किलोच निघाली असती.

बूटस्ट्रॅप नमुन्याच्या बाहेरचं काही आणू शकत नाही. समुद्रात पाचशे किलोंची ओढ पडत असेल, पण तुमच्या बारांत ती नसेल, तर दहा हजार पुनर्नमुन्यांतही ती येणार नाही. पुनर्नमुन्यांची संख्या वाढवली तर टोकं स्थिर होतात, माहिती वाढत नाही. म्हणूनच उजवीकडे लांब शेपूट असलेल्या लहान नमुन्यावर असा साधा शतमक अंतराल चुकतो तेव्हा बहुधा खऱ्या सरासरीच्या खालीच संपतो आणि नावात ९५ असूनही प्रत्यक्षात ऐंशीच्या घरात यशस्वी होणं नवलाचं नाही. `boot` पॅकेजमध्ये `boot.ci(b, type="bca")` वापरलात (`b` म्हणजे `boot()`चं उत्तर) तर तिरपेपणाची दुरुस्ती होऊन दोन्ही टोकं वर सरकतात. मी तोच अंतराल देईन, पण बारा ओढींची उणीव तोही भरून काढत नाही.

तिरपे आकडे म्हणून सरासरी सोडून मध्यक द्यावा, असा सल्ला तुम्हाला कोणी तरी देईलच. मला तो इथे पटत नाही. रापणीतल्या माणसांना हंगामाअखेर जे वाटून मिळतं ते एकूण मासळीवर ठरतं, आणि एकूण मासळीशी नातं सरासरीचं आहे. ‘नेहमीची ओढ कशी असते’ हे सांगायला मध्यक शेजारी जरूर द्या.

आणखी एक तपासा: या ओढी लागोपाठच्या दिवसांच्या आहेत का? एकच थवा दोन-तीन दिवस किनाऱ्याजवळ राहिला तर त्या ओढी एकमेकींपासून स्वतंत्र उरत नाहीत. साधा बूटस्ट्रॅप त्यांना स्वतंत्रच धरतो आणि अंतराल फसवा अरुंद येतो.

तुमच्याकडे सध्या शतमक अंतरालच असेल तर अहवालात मी असं लिहीन: “१२ ओढींची सरासरी ३० किलो (मध्यक १०). १०,००० पुनर्नमुन्यांवरून शतमक पद्धतीने काढलेला ९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे ९ ते ६५ किलो. एकूण ३६० किलोंपैकी २१० किलो एकाच ओढीतले असल्याने वरचं टोक कमी अंदाजलेलं असण्याचा संभव आहे.” बीसीए अंतराल दिलात तर पद्धतीचं नाव आणि टोकं बदला, शेवटचं वाक्य तसंच ठेवा.