बातमीत दिसलेलं ट्वीट: श्रेय नेमकं कोणाला द्यायचं?

नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती बातमीत डकवलेल्या ट्वीटपाशी. ट्वीट वाचलं न्यूज वेबसाइटवर, म्हणून निबंधात संदर्भ फक्त वेबसाइटचा दिला जातो. तसं करू नका. ट्वीटवर क्लिक करून मूळ पोस्ट उघडा आणि तिचीच लिंक घ्या. ट्विटरचं नाव 2023 पासून एक्स झालं आहे, त्यामुळे ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांचं पहिलं ट्वीट एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीने आता असं लिहितात:

```
Dorsey, J. [@jack]. (2006, March 21). just setting up my twttr [Post]. X. https://x.com/jack/status/20
```

मजकूर लांब असेल तर पहिले 20 शब्दच घ्यायचे, स्पेलिंग मात्र जसंच्या तसं ठेवायचं. तारीख जपून घ्या. ती बघणाऱ्याच्या स्थानिक वेळेनुसार दिसते, त्यामुळे भारतात याच ट्वीटवर 22 मार्च दिसू शकते.

आता वाङ्मयचौर्य. त्या ट्वीटचा अर्थ बातमीदाराने उलगडला असेल आणि तुम्ही तो स्वतःच्या शब्दांत मांडला, तरी कल्पना त्याचीच राहते. तिथे बातमीचा वेगळा संदर्भ हवाच. इंग्रजी वाक्याचं मराठी भाषांतर केलं म्हणूनही ते तुमचं होत नाही. मला तर हीच चूक सर्वांत धोकादायक वाटते, कारण करणाऱ्याला ती जाणवतच नाही.

व्हिडिओसाठी लेखक म्हणून अपलोड करणाऱ्या चॅनेलचं नाव द्या. बोलणारा वेगळा असेल तर त्याचं नाव निबंधाच्या वाक्यात घ्या आणि अवतरणापुढे मिनिट-सेकंद लिहा, उदाहरणार्थ 4:12.

ट्वीट डिलीट होतं, बातमी बदलते. म्हणून वाचलं त्याच दिवशी वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर पान जतन करा.